घरात कोलेस्टेरॉल वाढलंय, मग तूप खायचं की रिफाइंड? खान्देशी स्वयंपाकघरासाठी पायऱ्या

जळगाव-धुळ्याकडच्या घरात लिपिडचा रिपोर्ट आला की दोन तट पडतात. एक म्हणतो, तूप आजपासून बंद. दुसरा म्हणतो, रिफाइंड तेलानेच हे सगळं झालंय, आपले आजोबा वाटीने तूप प्यायचे. आमच्याकडे सासऱ्यांचा म्हणजे आप्पांचा रिपोर्ट आला तेव्हा सासूबाईंनी एकाच वाक्यात निकाल दिला, "तूप नही ते जेवण कसानं?" डॉक्टरांनी तीन महिने खाण्यात बदल करून पुन्हा तपासणी करायला सांगितलं होतं. त्या तीन महिन्यांत जे मोजलं, बदललं आणि कळलं ते इथे क्रमाने लिहिते. ज्यांच्या हातात पहिल्यांदाच असा रिपोर्ट आलाय त्यांच्यासाठी हे आहे.

आधीच एक सांगते. "तूप की तेल" हा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. किती, कुठून आणि कुणाच्या ताटात, हे त्याहून मोठे प्रश्न आहेत. पण ते भांडणात कुणी विचारत नाही.

सुरू करण्याआधी जवळ ठेवा

- लिपिड प्रोफाइलचा पूर्ण रिपोर्ट. नुसता "कोलेस्टेरॉल २४०" असा तोंडी आकडा चालत नाही.
- स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा.
- ५ मिलीचं माप. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर येतं ते झाकण स्वच्छ धुऊन घेतलं तरी चालतं.
- घरात असलेल्या तेलाची, तुपाची, शेवेची, बिस्किटांची पाकिटं, फेकून न देता.
- फ्रिजवर चिकटवायला एक कागद आणि पेन.

१. रिपोर्टमधला नेमका आकडा शोधा

आप्पांचा रिपोर्ट असा होता: एकूण कोलेस्टेरॉल २४६, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड १८०, एलडीएल १६८. घरातल्या प्रत्येकाने २४६ धरून ठेवला. खरं तर एचडीएल हे चांगलं कोलेस्टेरॉल आणि एलडीएल हे वाईट. तुपा-तेलाशी सगळ्यात जवळचा संबंध एलडीएलचा असतो, म्हणजे १६८ चा.

बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशोबाने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. २४६ वजा ४२ वजा ३६, उरले १६८. स्वतः करून बघा, आकडा जुळला की रिपोर्ट वाचता येतो याची खात्री होते. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर मात्र हा हिशोब धरू नये, तेव्हा एलडीएल थेट मोजायला सांगावं.

इथे पहिला खड्डा आहे. ट्रायग्लिसराइड वाढलं म्हणून लोक तूप बंद करतात. ट्रायग्लिसराइड चढवायला साखर, गोड चहा, मैदा, दारू आणि सुटलेलं पोट पुरेसं असतं. कुणी तूप सोडून तीन वेळा गोड चहा आणि टोस्ट सुरू केला, तर एलडीएल जरा उतरेल आणि ट्रायग्लिसराइड चढेल. मग तो माणूस म्हणणार, तूप सोडून काही उपयोग झाला नाही.

दुसरी गोष्ट, एलडीएल १९० किंवा त्याहून वर असेल, किंवा घरात कुणाला तरुणपणी हार्ट अटॅक आला असेल, तर पुढच्या पायऱ्या करायच्याच, पण त्यांच्यावर विसंबून राहायचं नाही. असं कोलेस्टेरॉल घराण्यातून येऊ शकतं. ते जेवणाने पुरेसं उतरत नाही आणि मुलांचीही तपासणी करावी लागते. सरळ डॉक्टर गाठा.

२. तुपात आणि तेलात नेमकं काय वेगळं असतं ते समजून घ्या

तेल असो की तूप, दोन्ही जवळजवळ संपूर्ण स्निग्धच. एका ग्रॅमला ९ कॅलरी दोघांच्याही. फरक असतो तो संपृक्त स्निग्धाच्या वाट्यात, ज्याला पाकिटावर सॅच्युरेटेड फॅट म्हणतात. हे जास्त झालं की लिव्हर रक्तातलं एलडीएल उचलून घेण्यात कमी पडतं आणि ते रक्तात साचून राहतं.

तुपात हे साधारण ६० ते ६५ टक्के असतं. शेंगदाण्याच्या तेलात १८-२० टक्क्यांच्या आसपास, सोयाबीनमध्ये १५, सूर्यफूल आणि करडईत १० च्या आसपास. आपल्याकडे कापसाचा पट्टा असल्याने सरकीचं तेल सहज मिळतं, त्यात साधारण २६ टक्के. पामोलिनमध्ये ४० च्या वर. म्हणजे "तेल" म्हटलं की ते हलकं, असं नाही. पामोलिन हे शेंगदाणा तेलापेक्षा तुपाच्या जास्त जवळ जातं.

तुपात स्वतःचं कोलेस्टेरॉलही असतं, पण त्याचा बाऊ नको. दोन चमचे तुपात ते २३-२५ मिलिग्रॅम येतं, एका अंड्यात त्याच्या सात-आठ पट. खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त स्निग्धाचा एलडीएलवर जास्त परिणाम होतो. म्हणून तेलाच्या पाकिटावर "कोलेस्टेरॉल फ्री" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं दिसलं तर पाकीट उलटून मागचा तक्ता वाचा. वनस्पतीच्या कुठल्याच तेलात नाव घेण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतं, पामोलिनमध्येही नाही.

आणि घरचं तूप विकतच्यापेक्षा वेगळं का? चवीला, वासाला, भरवशाला हो. संपृक्त स्निग्धाच्या बाबतीत नाही. गावाकडून म्हशीच्या दुधाचं रवाळ तूप आलं म्हणून ते एलडीएलला सवलत देत नाही.

३. एक महिना फक्त मोजा, काही बदलू नका

ही पायरी सगळेच गाळतात. आमच्याकडे सहा माणसं: सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं. तेलाचा कॅन उघडला त्या दिवशी त्यावर मार्करने तारीख टाकली. तुपाच्या बरणीचं वजन महिन्याच्या सुरुवातीला आणि शेवटी केलं. शेव-फरसाणाची पाकिटं कागदावर लिहीत गेले.

महिन्याअखेर आलं ते असं: तेल ७ लिटर, तूप दीड किलो, शेव २ किलो. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे सात लिटर झाले जवळपास ६,४०० ग्रॅम. सहा माणसं, तीस दिवस, तर माणशी रोज ३५ ग्रॅम तेल. (पाऊच मोजताना त्यावर ग्रॅम किती लिहिलेत ते वाचा. हल्ली ९१० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे पाऊचही तसेच दिसतात, लिटर समजून आपण हिशोब करतो आणि तो चुकतो.) बैठं काम असलेल्या मोठ्या माणसाला तेल आणि तूप मिळून दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम पुरतं. आम्ही नुसत्या तेलातच ते ओलांडून बसलो होतो.

तूप मात्र असं सरासरीने मोजू नका. तेल पातेल्यात पडतं, त्यामुळे ते सगळ्यांना सारखं जातं. तूप ताटात पडतं. दीड किलोतलं निम्म्याहून जास्त एकट्या आप्पांच्या ताटात जात होतं: सकाळी भाकरीवर, दुपारी वरणावर, रात्री खिचडीवर. सासूबाई म्हणायच्या, "एक चमचाच तर वाढते." तो चमचा शिगेचा. थिजलेलं तूप शिगेसकट काट्यावर ठेवलं तर ९ ग्रॅम भरलं, म्हणजे मापाचे दोन चमचे. तीन वेळचे सहा चमचे, २७ ग्रॅम.

४. सगळ्यात जास्त आजारी ताटाचा हिशोब मांडा

आता सगळ्या घराचा नाही, फक्त ज्याचा रिपोर्ट वाईट आहे त्याचा हिशोब करा. आप्पांच्या रोजच्या खाण्यातलं संपृक्त स्निग्ध असं निघालं:

- तूप २७ ग्रॅम, त्यातलं संपृक्त साधारण १७ ग्रॅम
- तेल ३५ ग्रॅम (शेंगदाणा), त्यातलं ६ ग्रॅम
- शेव-फरसाण, त्यातलं २ ग्रॅम
- म्हशीचं दूध, चहा धरून पाव लिटर, त्यातलं ११ ग्रॅम

एकूण ३६. एलडीएल वाढलेल्या माणसासाठी बहुतेक आहारतज्ज्ञ दिवसाच्या कॅलरीतला ७ टक्क्यांपर्यंतचा वाटा संपृक्त स्निग्धाला देतात. आप्पांचं खाणं अंदाजे १,९०० कॅलरीचं धरलं तर हा वाटा होतो १५ ग्रॅम.

चौथी ओळ बघून मी थांबले. दुधाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. म्हशीच्या दुधात साडेसहा-सात टक्के स्निग्ध असतं आणि रात्रीचं सायीसकट कपभर दूध "हलकं" म्हणून दिलं जायचं. त्यात गंमत अशी की उरलेल्या दुधाची साय काढायची, विरजायची, लोणी काढायचं, तूप कढवायचं, आणि ते त्याच ताटात परत यायचं. साय काढून दूध हलकं केलं याचं समाधान आपल्याला, आणि ती साय पुन्हा आप्पांनाच.

५. आता कुठे किती फरक पडेल याचा अंदाज बांधा

हे आधी केलं तर पुढे निराशा होत नाही. दिवसाच्या कॅलरीतला १ टक्का संपृक्त स्निग्धातून काढून वनस्पती तेलांच्या असंपृक्त स्निग्धाला दिला, तर एलडीएल सरासरी दीड ते दोन अंकांनी उतरतं. माणसागणिक यात फरक पडतो, पण अंदाजाला पुरे.

समजा आप्पांचे सहापैकी चार चमचे तूप काढून तिथे शेंगदाणा तेल दिलं. १८ ग्रॅम तुपातलं संपृक्त ११ ग्रॅम गेलं, तेलातून ३ ग्रॅम परत आलं. निव्वळ फरक ८ ग्रॅमचा, म्हणजे ७२ कॅलरी, दिवसाच्या खाण्याचे जेमतेम ४ टक्के. एलडीएल उतरेल ५ ते ८ अंकांनी. १६८ वरून १६० वर! ज्यावरून घरात महिनाभर अबोला धरला जातो, त्या नुसत्या तूप-तेल अदलाबदलीची ताकद एवढीच आहे.

मात्र दूध, शेव आणि एकूण तेल असं सगळंच आवरलं आणि ३६ चे १५ झाले, तर फरक २१ ग्रॅमचा पडतो, म्हणजे दिवसाच्या कॅलरीतले १० टक्के. सगळ्याच्या बदल्यात तेल येणार नाही, काही ठिकाणी भाकरी-डाळ येईल, तिथे फायदा थोडा कमी. तरी १३ ते २० अंकांची अपेक्षा ठेवता येते. म्हणून तुपावर भांडू नका, बेरीज बघा.

६. तेल निवडा, एकावर अडून बसू नका

आमच्याकडे आता दोन तेलं असतात. रोजच्या फोडणीला रिफाइंड सोयाबीन आणि चवीच्या जागी घाणीचं शेंगदाणा तेल. सोयाबीनमधून थोडं ओमेगा-३ मिळतं, ते शेंगदाणा किंवा सूर्यफुलात जवळपास नसतं. घाणीच्या तेलाचं काम वेगळं. कळण्याच्या भाकरीवर तिखट चटणी आणि वर कच्च्या तेलाची धार, किंवा भरितात मिरची-लसूण-दाणे तळून घातलेलं तेल, तिथे रिफाइंड घातलं तर खाणारा ओळखतो.

रिफाइंड म्हणजे विष आणि घाणीचं म्हणजे औषध, हेही सोडा. रिफाइंड करताना तेलातला चीक, आंबटपणा, रंग आणि वास काढतात. शेवटच्या टप्प्यात ते २०० अंशांच्या वर तापवून वास उडवतात. त्यात थोडं ई जीवनसत्त्व आणि सगळी चव जाते. पण शेंगदाणा तेलातलं संपृक्त-असंपृक्ताचं गणित रिफाइंड केल्यावरही तेच राहतं, एलडीएलला दोन्ही सारखीच. उलट घाणीवर एक सावधगिरी हवी. दाणे घरून नेत असाल (अडीच किलो दाण्यांमागे अंदाजे किलोभर तेल निघतं) तर आधी निवडून घ्या. काळपट, सुरकुतलेले, बुरशी आलेले, कडू दाणे बाजूला काढा. बुरशीचं विष न शुद्ध केलेल्या तेलात उतरू शकतं आणि ते लिव्हरला वाईट. रिफाइंड करताना ते निघून जातं.

दुकानात घ्यायला गेल्यावर तीन गोष्टी वाचा. पाकिटाच्या पुढच्या बाजूला शेंगदाण्याचं चित्र असलं तरी मागे "मिश्र खाद्य वनस्पती तेल" आणि त्यातली टक्केवारी लिहिलेली असते, त्यात पामोलिन किती ते बघा. १०० ग्रॅममागे सॅच्युरेटेड फॅट किती ते बघा, २० च्या आत असेल तर ठीक. आणि फार स्वस्त तूप दिसलं तर ते "दिव्याचं तूप" नाही ना याची खात्री करा, ते खाण्यासाठी नसतं.

डालडा म्हणजे वनस्पती तूप हा तुपाला पर्याय नाहीच. त्यातलं ट्रान्स फॅट एलडीएल वाढवतं आणि एचडीएल घटवतं, दोन्हीकडून मार. २०२२ च्या जानेवारीपासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. तरी वनस्पती तुपातलं संपृक्त स्निग्ध जात नाही, आणि खारी, नानकटाई, बेकरीतला टोस्ट यातून ते घरात येतच राहतं.

७. खान्देशी पदार्थांत तेल कुठे लपतं ते ओळखा

*शेवभाजी.* सगळ्यांची नजर वरच्या तर्रीवर जाते. पण तेल तीन जागी असतं. पहिलं शेवेत: विकतच्या शेवेचं पाकीट वाचलंत तर १०० ग्रॅमला ३५ ते ४५ ग्रॅम स्निग्ध आणि बहुतेक वेळा तेल पामोलिन. दुसरं तर्रीत. तिसरं सुक्या खोबऱ्यात, आणि ते कुणी मोजत नाही. सुक्या खोबऱ्याचा अर्ध्याहून अधिक भाग संपृक्त स्निग्ध असतो. सहा जणांच्या रश्शात पन्नास ग्रॅम खोबरं घातलं तर माणशी चार-पाच ग्रॅम संपृक्त नुसतं वाटणातून येतं, चमचाभर तुपापेक्षा जास्त. (वरच्या ३६ मध्ये मी हे धरलेलंच नाही, शेवभाजीच्या दिवशी ते आणखी वर.)

मी आता कांदा आणि खोबरं दोन्ही थेट विस्तवावर भाजते, तव्यावर तेलात परतत नाही. खोबरं निम्मं करून त्या जागी भाजलेले तीळ आणि फुटाण्याचं डाळं घालते, रस्सा तसाच दाट होतो. तेल सहा जणांना मिळून सहा चमचे. वाटण कढईला लागायला लागलं की तेल न वाढवता गरम पाण्याचा हबका मारायचा आणि परतत राहायचं. पाणी आटलं की वाटणाच्या कडेने तेल सुटतं, तेच पुरतं. काळा मसाला गॅस बारीक करून तेलात टाकला की रंग उतरतो. तर्री कमी दिसते, तिखटपणा तोच. शेव वाढताना वाटीत मूठभरच, आणि महिन्यातून दोनदा.

*वरण-बट्टी.* बट्ट्या वाफवून, कापून, तळतो. तळायच्या आधी आणि नंतर कढईतलं तेल मोजून बघा, किती जिरलं ते कळेल आणि पुढच्या वेळी कुणाला समजवावं लागणार नाही. आमच्याकडे वाफवलेल्या बट्टीचे काप आता आप्पेपात्रात थेंब थेंब तेल सोडून, उलटून पालटून खरपूस करतो. वेळ जास्त लागतो, हे खरं. पण मग वरून वरणावर मापाचा एक चमचा तूप घातला तरी आप्पा तक्रार करत नाहीत, कारण वास येतोच.

यावरून एक नियम निघाला: तुपात शिजवायचं नाही, तूप ताटात घ्यायचं. गरम वरणावर शेवटी पडलेल्या चमच्याचा जेवढा वास येतो, तेवढा तुपाच्या फोडणीत तीन चमचे जाळूनही येत नाही.

*भरीत.* वांगं भाजायला तेल लागत नाही, तेव्हा हा पदार्थ मुळात चांगला. बिघडतो तो शेतातल्या भरीत पार्टीत, जिथे कढईत तेल ओतताना कुणी बघत नाही आणि सोबत पुऱ्या असतात. घरी किलोच्या वांग्याला चार-पाच चमचे पुरतात. दाणे भरपूर घाला, त्यांचं स्निग्ध बहुतांशी असंपृक्त असतं, फक्त कॅलरी धरा.

*तळणीचं उरलेलं तेल.* गाळून, झाकून, भाजीच्या फोडणीत दोन-तीन दिवसांत संपवा. ते पुन्हा तळणीला वापरू नका, आणि ताज्या तेलाच्या कॅनमध्ये तर मुळीच ओतू नका. फेस धरणारं, घट्ट झालेलं, लवकर धुरावणारं, घशाला खवखवणारं तेल टाकून द्या.

८. सहा चमच्यांचा नियम लावा

मोठ्या माणसाला दिवसाला पाच चमचे तेल आणि एक चमचा तूप. चमचा म्हणजे ५ मिलीचा, सपाट. सहा मिळून २७ ग्रॅम होतात. सहा माणसांच्या घराला महिन्याचं तेल यातून साडेचार लिटर येतं.

स्वयंपाक करताना चमचे मोजत बसणं दोन दिवस टिकतं. त्यापेक्षा सकाळी दिवसाचं तेल, आमच्यासाठी १५० मिली, एका छोट्या बाटलीत काढायचं आणि मोठा कॅन वरच्या फळीवर ठेवून द्यायचा. बाटली संध्याकाळी पाचलाच रिकामी झाली तर रात्री उकडलेली मुगाची खिचडी आणि पापड भाजून. पहिल्या आठवड्यात हे बऱ्याचदा होतं, मग हात आपोआप आखडतो.

आप्पांनी घासाघीस करून तुपाचा दुसरा चमचा मिळवला, बदल्यात रात्रीचं सायीचं दूध सोडलं. चहाचं दूध रात्री तापवून, फ्रिजमध्ये ठेवून, सकाळी साय पूर्ण काढून वापरायचं. दुधाची पिशवी घेत असाल तर टोन्ड घ्या, ३ टक्क्यांची. त्यांच्या नव्या ताटातलं संपृक्त स्निग्ध असं: तुपातून ५-६ ग्रॅम, तेलातून ४, दुधातून ५, शेवेतून अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. बेरीज १५.

साय मात्र जमतच राहते. तिचं तूप करा, पण घरात तूप किती येतं यावर ताटातलं तूप ठरू देऊ नका. आमच्या इथे जास्तीचं तूप नणंदेकडे जातं, तिच्या घरात पोरं कुस्ती खेळतात.

अक्षय्यतृतीयेला, आपल्या आखाजीला, खापरावरची पुरणपोळी, आमरस आणि तूप हे होणारच. त्या दिवशी मोजू नका. फक्त आंब्याचा पूर्ण महिना हा आखाजीचा दिवस नाही एवढं घरात एकदा ठरवा.

९. पुन्हा तपासा, आणि गोळीशी स्पर्धा लावू नका

खाण्यातल्या बदलाचा एलडीएलवरचा परिणाम चार-सहा आठवड्यांत दिसू लागतो. डॉक्टर सहसा सहा ते बारा आठवड्यांनी तपासणी सांगतात. तीच लॅब, शक्यतो तशीच उपाशीपोटीची वेळ, आणि आदल्या दिवशी लग्नाचं जेवण नको, त्याने ट्रायग्लिसराइड उगाच चढतं. ताप किंवा मोठं आजारपण नुकतंच होऊन गेलं असेल तर काही आठवडे थांबा, तेव्हा आकडे खोटे खाली येतात.

आप्पांचा दुसरा रिपोर्ट: एकूण २२४, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड १६०, एलडीएल १५०. अठरा अंक उतरले, अंदाजात बसणारे. सासूबाईंना वाटलं आता झालं. डॉक्टरांनी वय आणि बीपी बघून स्टॅटिनची गोळी सुरू केली. मधल्या ताकदीची स्टॅटिन एलडीएल ३० टक्के किंवा त्याहून जास्त उतरवते. आमच्या सगळ्या मेहनतीने उतरलं ते ११ टक्के. म्हणून "आता तूप सोडलंय, गोळी कशाला" म्हणणारा आणि "आता गोळी चालू आहे, तूप येऊ दे" म्हणणारा, दोघांनाही हे दोन आकडे दाखवा. गोळी सुरू असताना ती स्वतःहून बंद करू नका. अंग फार दुखायला लागलं तर डॉक्टरांना सांगा, मात्रा किंवा गोळी बदलता येते.

मुलांच्या ताटाला आप्पांचा हिशोब लावू नका. वाढत्या वयात त्यांना दूध-तूप लागतं, आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळाचं स्निग्ध तर मुळीच तोडायचं नसतं. त्यांच्यासाठी बंद करायचं ते पाकिटातलं: खारी, कुरकुरीत पाकिटं, क्रीमची बिस्किटं. आमच्याकडे फ्रिजवरच्या कागदावर तेलाच्या महिन्याच्या आकड्याखाली आता पाकिटांचीही एक ओळ आहे, ती धाकटा स्वतः भरतो आणि कधीकधी एखादं पाकीट लिहायचं विसरतो.